१० बाय १४ चं किराणा दुकान, माल भरपूर, पण गिऱ्हाइकाला दिसतच नाही

मृण्मयी_ध

दुकान धनकवडीत आहे. आतून रुंदी १० फूट, खोली १४ फूट. शटरच्या लगेच आत पूर्ण रुंदीचा काउंटर, ३८ इंच उंच आणि २० इंच खोल. आत-बाहेर करायला डाव्या टोकाला उचलायची फळी. तिन्ही भिंतींना सात फुटी लोखंडी रॅक आहेत. दुकान रस्त्यापासून ७ इंचांची एक पायरी वर आहे आणि गिऱ्हाईक पायरीखाली उभं राहतं. आत कुणी येत नाही, सगळं मागून घेतात. दुकानात सासरे आणि मी, संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ दोघंही.

अडचण अशी की वर्षानुवर्षं येणारी माणसं अचानक म्हणतात, "अगंबाई, हे तुमच्याकडे मिळतं होय?" आणि गर्दीत सासऱ्यांची मागच्या भिंतीपर्यंत सारखी ये-जा चालू असते. नवीन फर्निचर करायचं नाही. आहे त्याच रॅकवर आणि काउंटरवर कुठे काय ठेवावं? खर्च फार तर दहा-बारा हजार.

केदार_७७

सोपं आहे. मॉलमध्ये दूध-अंडी नेहमी शेवटी असतात, कारण तिथवर जाताना माणूस चार गोष्टी उचलतो. तुम्हीही साखर, तेल, दूध मागच्या भिंतीला ठेवा आणि पुढे बाकीचा माल लावा. शिवाय डोळ्यांच्या उंचीवर जे असतं तेच खपतं, तेव्हा सगळ्यात जास्त खपाचा माल त्या फळीवर.

फळीवाला

केदार, डोळ्यांच्या उंचीचं बरोबर आहे, पण बाकीचं इथे लागू पडत नाही. मॉलमध्ये गिऱ्हाईक चालतं. इथे चालतात ते मृण्मयीताईंचे सासरे. साखर मागे ठेवली तर वाटेतला माल बघत जाणारा माणूस दुकानदार स्वतः, आणि तो काही विकत घेणार नाही. :)

काउंटरच्या दुकानात दोन अंतरं वेगळी मोजावी लागतात. एक दुकानदाराच्या हातापासूनचं, दुसरं गिऱ्हाइकाच्या डोळ्यापासूनचं. साखर, तेल, मीठ, चहा, काडेपेटी या गोष्टी माणूस घरून ठरवून येतो आणि नाव घेऊन मागतो. त्या दिसल्या नाहीत तरी खपतात. त्यांना हात जवळ हवा. सॉस, पापड, तयार मसाले, तूप, खजूर, शेवया, चिक्की हे दिसलं तरच आठवतं. त्यांना डोळा हवा, हात दोन पावलं लांब असला तरी चालतो, कारण ते दिवसात पाच-सात वेळाच काढावं लागतं. बहुतेक दुकानांत नेमकं उलटं असतं. समोर ठळक तेलाच्या पिशव्यांची उतरंड आणि मसाले कोपऱ्यात काळोखात.

आधी दोन कामं करा, एकही वस्तू हलवू नका.

पहिलं, तीन संध्याकाळी एक वही काउंटरवर ठेवा. मागच्या भिंतीपर्यंत जावं लागलं की त्या वस्तूच्या नावापुढे एक रेघ. शेजारच्या पानावर "हे आहे का तुमच्याकडे?" असं विचारलेलं, पण दुकानात असलेलं सगळं लिहा.

दुसरं, सुतळी घ्या. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला पायरीखाली, नेहमीच्या जागी उभं करा. सुतळीचं एक टोक तिच्या डोळ्याशी धरा आणि काउंटरवरच्या सगळ्यात उंच वस्तूच्या माथ्याला टेकवून सरळ मागच्या भिंतीपर्यंत ताणा. सुतळी जिथे टेकेल त्याखालचं त्या बाईला काही दिसत नाही. तिथे खडूने रेघ मारा.

मृण्मयी_ध

सुतळीचा प्रयोग आजच केला. नणंद त्याच उंचीची. काउंटरच्या पुढच्या कडेला गोळ्या-चॉकलेटच्या बरण्यांची ओळ आहे, बरण्या एक फूट उंच. सुतळी मागच्या भिंतीवर जमिनीपासून साधारण ५० इंचांवर टेकली. म्हणजे सात फुटी रॅकच्या खालच्या चार फळ्या दिसतच नाहीत! उजव्या बाजूला बरणीवर बरणी आहे, तिथून तर फक्त छत दिसतं.

फळीवाला

हिशोब जुळतो. त्या उंचीच्या बाईचा डोळा साधारण ५७ इंचांवर, त्यातून पायरीचे ७ गेले, राहिले ५०. काउंटर ३८ आणि बरणी १२, तेही ५०. डोळा आणि बरणीचा माथा एका पातळीत आले की नजर आडवी जाते आणि ५० इंचांखालचा सगळा माल झाकतो. बरणीवर बरणी ठेवली की नजर वर चढते आणि मागच्या भिंतीपाशी पोचेपर्यंत रॅकच्याही वर निघून जाते. पायरीचं कुणाच्या लक्षात येत नाही, कारण दुकानदार नेहमी आतून बघतो आणि त्याला सगळं दिसत असतं.

उपाय बरण्या काढून टाकणं नव्हे. काउंटरच्या मध्यावर साडेतीन-चार फूट रिकामे करा, तिथे काहीही उभं नको. रिकाम्या काउंटरवरून त्याच बाईला मागच्या भिंतीची अगदी खालची फळीही दिसते. बरण्या दोन्ही टोकांना जाऊ द्या, पण एकाच थरात. शांपूच्या लड्या तारेवर मधोमध लोंबत असतील तर त्याही बाजूच्या खांबाला लावा.

आणि एक. तुम्ही स्वतः कुठे उभ्या असता? बरोबर मध्ये असाल तर मागच्या भिंतीपुढचा सगळ्यात मोठा अडथळा तुम्हीच. स्टूल आणि वजनकाटा एका टोकाला न्या.

औषधी_प्रसाद

आमच्या औषधांच्या दुकानात सगळं नावाच्या आद्याक्षराप्रमाणे लावतो. नवा पोऱ्या असला तरी पहिल्या दिवसापासून माल काढतो. किराण्यातही तसं करून बघा, शोधाशोध संपेल.

किराणा_काकू

प्रसाद, तुमच्याकडे चिठ्ठीवर नाव लिहून येतं. आमच्याकडे "ते हे द्या हो, भजीला घालतात ते" असं येतं. अक्षराप्रमाणे लावलं तर साबणाशेजारी साबुदाणा बसेल आणि आठ दिवसांत साबुदाण्याच्या खिचडीला साबणाचा वास येईल. किराण्यात माल कामाप्रमाणे लावायचा. साबुदाणा, भगर, राजगिरा, शेंगदाणे, शिंगाड्याचं पीठ एकत्र. एकादशीच्या आदल्या दिवशी बाई साबुदाणा मागते आणि शेजारी भगर दिसली की तीही घेते. हा उपासाचा गठ्ठा एरवी कोपऱ्यात चालेल, पण श्रावण लागला की दिसत्या फळीवर आणायचा आणि नवरात्र संपलं की परत न्यायचा. मग त्याच जागी फराळाचं सामान येतं.

वासाचं अजून एक. चहाची पावडर फार वास ओढते. उदबत्ती, हिंग, कपड्यांचा साबण यांपासून निदान एक पूर्ण रॅक लांब ठेवा. पाकीट बंद आहे म्हणून बेफिकीर राहू नका, विशेषतः सुटा चहा बांधून देत असाल तर. फिनेल, उंदराचं औषध, ॲसिड खाण्याच्या मालाच्या वर कधीच नाही, गळलं तर सगळा रॅक फेकावा लागतो.

दिशादर्शक

गल्ला कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लिहिलं नाहीत. उत्तरेकडे उघडायला हवा. मागची भिंत नैर्ऋत्येला येत असेल तर जड माल तिथेच ठेवावा, हलवू नये.

केदार_७७

आला वास्तुवाला. धागा चालला होता बरा.

फळीवाला

जड माल खाली आणि भिंतीला हे दिशा न बघताही बरोबर आहे. :) साखरेची पोती मधल्या फळीवर ठेवली तर लोखंडी फळी वाकते आणि पुढे कलते. गल्ल्याचं मी इतकंच सांगेन, तो वजनकाट्यापासून लांब असू द्या. कारण खाली येईलच.

मृण्मयी_ध

तीन संध्याकाळची वही झाली. मागच्या भिंतीपर्यंत एकूण ६४ फेऱ्या. साखर १७, तेलाची पिशवी १४, चहा ९, मीठ ६. म्हणजे ४६ फेऱ्या फक्त चार वस्तूंच्या. उरलेल्या १८ किरकोळ.

दुसऱ्या पानावर "आहे का तुमच्याकडे" मध्ये शेवया, पावभाजी मसाला, तूप, मेणबत्त्या, टोमॅटो सॉस, नाचणीचं पीठ. सगळं आहे, आणि सगळं ५० इंचांच्या रेघेखाली!

पण केदार म्हणतात ते मनातून जात नाही. तेलावर आमचा सगळ्यात जास्त पैसा फिरतो. ते झाकून कसं ठेवायचं?

केदार_७७

तेच. हिशोब करून बघा. समजा तेल एक फूट जागा घेतं, आठवड्याला ४० पिशव्या जातात आणि पिशवीमागे ३ रुपये सुटतात, तर फुटाला १२० रुपये. सॉस एक फूट जागेत आठवड्याला ४ बाटल्या, बाटलीमागे १५ सुटले तर ६० रुपये. मग चांगली जागा कुणाची?

फळीवाला

हिशोब बरोबर, प्रश्न चुकला. तेल आतल्या कोपऱ्यात नेलं तर ४० च्या ३० पिशव्या होतील का? नाही, कारण ते नावाने मागितलं जातं. म्हणजे चांगल्या जागेमुळे तेलाला मिळाले शून्य. सॉस दिसत्या फळीवर आणला आणि ४ च्या ७ बाटल्या झाल्या तर ४५ रुपये जास्तीचे. फळी कोण किती कमावतो त्यावर वाटायची नाही, जागा बदलल्याने कुणाच्या खपात किती फरक पडतो त्यावर वाटायची. हा फरक आधी कळत नाही, करूनच बघावा लागतो. तीन आठवडे ठेवा, बाटल्या मोजा. फरक पडला नाही तर ती जागा दुसऱ्याला द्या.

आता तुमच्या चार वस्तू. काउंटरला लागून डावी-उजवीकडचे जे पहिले रॅक आहेत ते गिऱ्हाइकाला नीट दिसत नाहीत, कारण ते त्याच्या बाजूला येतात, समोर नाही. पण तुमच्या हाताशी तेच सगळ्यात जवळ. त्यांच्या २८ ते ४८ इंच उंचीच्या फळ्यांवर या चार वस्तू आणा. साखर आणि चहा एका बाजूला, तेल आणि मीठ दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी दोघंही असता, तेव्हा प्रत्येकाच्या हाताशी दोन-दोन वस्तू येतील. सगळा साठा तिथे आणू नका, एका संध्याकाळचा आणा. बाकीचा मागे खाली राहू दे, दुपारी भरून घ्यायचा.

किराणा_काकू

काउंटरच्या पोटात ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सतराला सतरा वेळा वाकायचं म्हणजे सासऱ्यांच्या गुडघ्यांचं काय? तिथे कागदी पिशव्या, सुतळी, बिलबुकं.

तेलाच्या पिशव्या एकावर एक रचू नका, खालच्या थराची शिवण सुटते आणि आठ दिवस कळतही नाही. भाजीच्या जाळीदार क्रेटमध्ये उभ्या लावा आणि क्रेटखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. ट्रेमध्ये चिकट दिसलं की त्याच दिवशी क्रेट रिकामा करून बघायचा.

साखर आधीच तोलून किलो-अर्ध्या किलोच्या पिशव्या बांधून ठेवणार असाल तर वेळ खूप वाचतो. पण मग त्यावर नाव-पत्ता, वजन, बांधल्याचा महिना-वर्ष, किंमत हे सगळं छापायला लागतं. वैधमापनवाले बघतात. आणि पावसाळ्यात मोजक्याच बांधा, खडे होतात.

मृण्मयी_ध

हे पटलं. आता समोरच्या भिंतीवर ५० इंचांच्या वर काय काय लावू? यादीतल्या सगळ्या वस्तू आणल्या तर फळी गच्च भरेल.

फळीवाला

मध्य रिकामा केल्यावर खालचंही दिसेल, तेव्हा ५० ची रेघ आता इतकी कडक नाही. पण गर्दीत पुढे माणसं उभी असली की मागच्यांना वरचंच दिसतं, म्हणून महत्त्वाचं ५० ते ७२ इंचांत ठेवा. त्यावर सासऱ्यांचा हात पोचणार नाही, तिथे हलका राखीव माल. टिश्यू, कागदी प्लेटा वगैरे.

गच्च भरण्याचं उत्तर : तीन फूट फळीवर पाच-सहाच प्रकार, प्रत्येकाची दोन पाकिटं शेजारी-शेजारी उभी, तोंड पुढे. १२ फुटांवरून एकटं पाकीट ओळखू येत नाही, जोडी येते. १५ इंच खोल फळीवर पाकिटं मागे सरकतात आणि समोर काळोखी पोकळी दिसते. म्हणून मागे रिकामं खोकं उलटं ठेवा आणि पाकिटं पुढच्या कडेला आणा. नवीन माल मागे, जुना पुढे, हे भरतानाच करायचं. किंमत लिहायची असेल तर आकडा निदान दीड इंच उंच, जाड मार्करने. बारीक चिठ्ठ्या फक्त तुम्हाला वाचता येतात.

दिवा बघा. छताच्या मधोमध एकच ट्यूब असेल तर वरच्या फळीची सावली खालच्या दोन फळ्यांवर पडते. ट्यूब मागच्या रॅकच्या दीड-दोन फूट पुढे, रॅकला समांतर लावा. हजार रुपयांच्या आतलं काम.

किराणा_काकू

पाच-सहाच प्रकार हे मला नाही पटत. एका आजींना एकाच कंपनीचा आंबा-लोणच्याचा मसाला लागतो, वर्षाला दोन पाकिटं. तो नाही म्हटलं तर त्या महिन्याचा सगळा किराणा दुसरीकडून घेतील. फळी सुंदर दिसून काय उपयोग?

फळीवाला

काकू, मसाला ठेवा की, पण दिसत्या फळीवर का? आजी नाव घेऊनच मागणार.

किराणा_काकू

हो, पण कुठे ठेवलाय हे वर्षातून दोनदा कोण लक्षात ठेवणार? तुमच्या मांडणीत असे पन्नास प्रकार "मागे कुठेतरी" जातात आणि मुदत संपल्यावर सापडतात.

औषधी_प्रसाद

तेवढ्यापुरतं अक्षराप्रमाणे लावा ना! असा किरकोळ माल एकाच रॅकवर, आद्याक्षराने. आमची पद्धत इथे तरी चालेल. फक्त साबण वेगळा. :)

किराणा_काकू

हे मात्र जमेल.

मृण्मयी_ध

आणि काउंटरचं काय? मधले चार फूट गेल्यावर दोन्हीकडे जेमतेम तीन-तीन फूट उरतात. वर पैसे द्यायचा क्यूआर, वजनकाटा, बरण्या, पाव, खारीचा डबा.

फळीवाला

इथे गल्ल्याचं उत्तर येतं. उजवं टोक मालाचं आणि डावं टोक पैशांचं असं ठरवा, किंवा उलट. मालाच्या टोकाला वजनकाटा, आकडा गिऱ्हाइकाकडे वळलेला, आणि पाव-खारी. पैशांच्या टोकाला गल्ला, क्यूआर आणि बरण्या. क्यूआर वजनकाट्याशेजारी असला की मोबाइल काढून पिन टाकेपर्यंत माणूस तिथेच उभा राहतो आणि पुढच्याचं वजन अडतं. डाव्या टोकाला तुमची उचलायची फळी आहे, तिच्यावर काही ठेवू नका, नाहीतर दर वेळी उतरवावं लागेल.

बरण्या किती? आठ-दहा पुरे. पैसे देताना हात रिकामा असतो आणि सुटे परत मिळणार असतात, तेव्हा दहा रुपयांच्या आतलं, एका हाताने उचलता येईल असं तिथे. पेपरमिंट, चिक्की, आवळा सुपारी. बरणी तीन आठवड्यांत अर्धी झाली नाही तर बदला. दुकान पश्चिमेला असेल तर संध्याकाळचं ऊन थेट काउंटरवर येतं. एप्रिल-मे मध्ये पुण्यात चॉकलेट तिथे मऊ पडून पुन्हा घट्ट होतं आणि वर पांढरट थर येतो. गिऱ्हाईक जुनं दिलं म्हणून परत आणतं. तेवढे दोन महिने चॉकलेट आत.

दिशादर्शक

पश्चिमेला असेल तर, असं म्हणालात. म्हणजे दिशा बघावीच लागते.

केदार_७७

हा एक गुण द्या त्यांना.

मृण्मयी_ध

हो, पश्चिमेलाच आहे. :)

ठरलं असं. मंगळवारी दुपारी दुकान बंद असताना फक्त बाजूचे दोन रॅक बदलते. सासरे म्हणतात, सगळं एकदम हलवलंस तर मी अंधारात चाचपडतो तसा चाचपडेन.

किराणा_काकू

त्यांचं बरोबर आहे. हाताला सवय असते, डोळा नंतर जातो. आठवड्याला एक रॅक. ज्या फळीवरून माल हलवला तिथे नवी जागा लिहून चिकटवा, पंधरा दिवस राहू दे. आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काहीही हलवू नका, तेव्हा याद्या घेऊन येतात.

फळीवाला

महिन्याने पुन्हा तीन संध्याकाळी वही ठेवा. ६४ फेऱ्यांच्या २५च्या आत आल्या नाहीत तर चार वस्तूंखेरीज पाचवी कुठली निघते ते बघू. दुसऱ्या पानाचं मात्र आत्ता सांगता येत नाही. "आहे का तुमच्याकडे" हे विचारणं कमी झालं तर माल दिसायला लागला म्हणून की गिऱ्हाइकांनी विचारणंच सोडलं म्हणून, हे फक्त त्या सहा वस्तूंच्या खपावरून कळेल. तेव्हा आज शेवया, मसाला, तूप, मेणबत्त्या, सॉस, नाचणी पीठ या सहांची पाकिटं मोजून तारीख टाकून ठेवा.

मृण्मयी_ध

मोजली. शेवयांची ११ पाकिटं निघाली, त्यातल्या ४ ची मुदत मार्चमध्येच संपलेली.